पाऊस थांबला तरी सेट टॉप बॉक्सवर सिग्नल नाही, कंपनीला फोन करण्याआधी काय काय बघावं?

अनु_देवरुख
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई देवरुखला एकटी असते. परवा तिकडे जोराचा पाऊस झाला, वारा पण होता, तेव्हा टीव्ही गेला. ते नेहमीचंच आहे म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही, पण आता लख्ख ऊन पडलंय तरी टीव्हीवर सिग्नल नाही असंच येतंय. कंपनीच्या नंबरवर फोन केला की आधी पाच मिनिटं गाणं, मग बॉक्स बंद करून चालू करा, मग माणूस येईल म्हणतात आणि गावाकडे माणूस यायला किती दिवस लागतील त्याचा नेम नाही. आईचं संध्याकाळचं सगळं टाइमटेबल त्या टीव्हीवर आहे हो. बॉक्स डिशचा आहे, केबलचा नाही. फोन लावून वाट बघत बसण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? शेजारचा मुलगा कॉलेजात आहे, तो गच्चीवर जाऊ शकतो, आईला मात्र मी चढू देणार नाही.

नाना_सातारकर
पावसात डिश जाणारच ताई, त्याला इलाज नाही. ढग गेले की येतं. डिशच्या दांड्याच्या टोकाला सिग्नल पकडणारी एलएनबी असते ना, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायला सांगा, आमच्याकडे सगळे तेच करतात. आणि बॉक्सला फॅक्टरी रीसेट मारा, नव्याने चॅनेल शोधेल.

शंतनू_०७
वायफाय घ्या आणि मोकळे व्हा.

अनु_देवरुख
@शंतनू_०७ देवरुखच्या आमच्या वाडीत रेंजसाठी अंगणात यावं लागतं. आणि आईला रिमोटवरचा एकच नंबर दाबायची सवय आहे, तिला ॲप वगैरे नको.

गच्चीवरचा
मी बरीच वर्षं डिश बसवायचं काम केलंय, रत्नागिरी आणि कोल्हापूर दोन्हीकडे. रीसेट अजिबात मारू नका, हे आधी सांगतो. नानांचा हेतू चांगला आहे पण सिग्नल नसताना रीसेट मारलं की बॉक्स चॅनेलची यादी पुसतो आणि नवीन यादी उतरवायला त्याला सिग्नलच लागतो, मग बॉक्स पहिल्याच स्क्रीनवर अडकून बसतो. साधी तक्रार असते ती मोठी होते.

आता पहिला प्रश्न. टीव्हीवर जे लिहून येतंय ते कोण लिहितंय, टीव्ही की बॉक्स? टीव्हीचा स्वतःचा `No Signal` असतो, तो बहुतेक वेळा निळ्या किंवा काळ्या पडद्यावर इकडून तिकडे फिरत राहतो, आणि त्याचा डिशशी काही संबंध नसतो. त्याचा अर्थ बॉक्सकडून टीव्हीला काहीच येत नाही. बॉक्स बंद असेल, पावसात लाइट जाऊन येताना अडॅप्टर उडाला असेल, एचडीएमआयची वायर हलली असेल नाहीतर रिमोटने सोर्स बदलला गेला असेल. बॉक्स लिहितो तेव्हा कंपनीचा लोगो, रंग, खाली एखादा कोड असतो. निम्म्या तक्रारीत मी गच्चीवर गेलोच नाही, खालीच काम झालं. आईंना सांगा रिमोटचं मेनू बटण दाबा. मेनू उघडला तर बॉक्स आणि टीव्ही ठीक आहे, दुखणं वर आहे.

अनु_देवरुख
आत्ताच व्हिडिओ कॉल केला. कंपनीचा लोगो आहे, खाली कोड आहे, मेनू उघडतोय. म्हणजे वर गेलं म्हणायचं ना?

स्नेहल_डोंबिवली
आमच्याकडे पण सेम. काल रात्री पाऊस आला तेव्हापासून बॉक्स सिग्नल दाखवत नाही, मेनू येतोय. मग मी पण गच्चीवर बघू का? आमच्या गच्चीला सोसायटीचं कुलूप असतं, चावी सेक्रेटरीकडे आहे आणि ते गावाला.

गच्चीवरचा
@स्नेहल_डोंबिवली तुमचा बॉक्स कोणाचा, छत्रीवाला की केबलवाल्याचा?

स्नेहल_डोंबिवली
केबलवाल्याचा. काळी वायर खिडकीतून येते.

गच्चीवरचा
मग चावीच्या मागे लागू नका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. केबलला वरच्या ढगांचं काही देणंघेणं नसतं, तुमच्याकडे सिग्नल जमिनीवरूनच येतो. शेजारी विचारा. सगळ्या गल्लीचं गेलं असेल तर गल्लीत कुठेतरी ॲम्प्लिफायरचा डबा असतो, त्याला लाइट लागते. तुमच्या बिल्डिंगमध्ये लाइट असूनही त्या डब्याची गेलेली असू शकते, ते केबलवाल्यालाच बघू द्या. फक्त तुमचंच गेलं असेल तर बॉक्सच्या मागचा कनेक्टर आणि खिडकीबाहेरचा जोड. पण बाहेरच्या वायरीला पावसात हात लावू नका, केबलची वायर विजेच्या तारेला कुठे घासत असेल ते घरातून कळत नाही. मागचा कनेक्टर धरताना बोटाला झिणझिण्या आल्या तर तिथेच सोडा आणि फोन करा.

स्नेहल_डोंबिवली
समोरच्या काकूंचं पण गेलंय. मग थांबते. धन्यवाद दादा.

रेडिओवाला
नानांनी जे लिहिलं त्यातला पहिला भाग बरोबर आहे, तो आधी वेगळा करू. डिशचा सिग्नल साधारण ११-१२ गिगाहर्ट्झचा, म्हणजे लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे, एवढ्या लहान लहरीला ते शोषून घेतात आणि विखरतात. ढग काळे दिसले तरी नुसत्या ढगाने फारसं बिघडत नाही, खरा मारा मुसळधार सरीचा. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या बहुतांश जुन्या सी बँडवर असतात, तिथे लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून भर पावसात शेजारचं केबल चालू आणि आपली छोटी डिश बंद असं दिसतं.

पण हे सगळं सर असेपर्यंतच. सर ओसरली की काही मिनिटांत चित्र परत यायला हवं. अनुताईंकडे ऊन पडूनही येत नाहीये म्हणजे आता आकाशाला दोष देण्यात अर्थ नाही, काहीतरी भिजलंय, हललंय किंवा आड आलंय.

एक गंमत अजून. कधी आपल्याकडे ऊन असतं आणि सिग्नल जातो, लोक चक्रावतात. आपल्याकडच्या डिश आग्नेयेकडे बघतात, त्या बाजूला दोन-तीन किलोमीटरवर सर कोसळत असेल तर सिग्नल तिथेच अडतो.

विदर्भी_तडका
आमच्याकडे चंद्रपूरला पाऊस नसला तरी जाते भाऊ. वानरं येतात, एक जण डिशच्या दांड्यावर बसते, दुसरं त्याला ढकलते. कंपनीवाल्याले सांगितलं तर तो म्हणे तक्रारीत वानर असा पर्याय नाही, वादळ लिहितो.

नाना_सातारकर
वानर 😂 आमच्याकडे कावळे आहेत. ते ठीक पण पिशवीचं काय? आमची पिशवी बांधलेली डिश उत्तम चालते.

रेडिओवाला
नाना, पिशवी एलएनबीच्या तोंडावरच्या टोपीला चिकटली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि तो थरच सिग्नल खातो. शिवाय आत वाफ धरते. टोपी फुटलेली नसेल तर पिशवी नको. फुटलेली असेल तर पिशवी हा तात्पुरता टेकू आहे, तोही मागच्या बाजूला बांधा, तोंडावर नको.

नाना_सातारकर
आमची चालते एवढं नक्की. बाकी तुम्ही म्हणाल तसं.

गच्चीवरचा
अनुताई, आता पुढचं. मेनूत सेटिंग किंवा सिस्टीमच्या आत सिग्नलचं पान असतं, तिथे दोन पट्ट्या दिसतील, `Signal Strength` आणि `Signal Quality`. दोन्हीचे आकडे मला सांगा. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात पण चित्र क्वालिटीवर चालतं. दोन्ही शून्य असतील तर वायर कुठेतरी तुटली, शॉर्ट झाली किंवा एलएनबी मेली. स्ट्रेंग्थ आहे आणि क्वालिटी शून्य असेल तर वायरीतून काहीतरी येतंय पण आपल्या उपग्रहाचं येत नाही, मग डिश हलली असेल, फांदी आड आली असेल किंवा अजून एक कारण असतं ते नंतर सांगतो. आणि हो, आईंना फक्त त्यांचा एक नंबर नाही, इकडचे तिकडचे दहा-बारा नंबर लावून बघायला सांगा.

अनु_देवरुख
शेजारचा मुलगा आला होता. स्ट्रेंग्थ ७८, क्वालिटी ०. पण त्याने इतर नंबर लावले तर सह्याद्री लागतंय!! बातम्यांचे दोन चॅनेल पण लागतायत, एकदम स्वच्छ. आईचे मालिकांचे चॅनेल आणि एक भक्तीचा चॅनेल मात्र नाही. आई म्हणते मी तर तेच बघते, बाकीचं लावून बघायचं माझ्या डोक्यात नाही आलं. आता हे काय?

सुमेधा_नाशिक
पॅक संपला असेल! माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, आम्ही डिश हलवून हलवून थकलो आणि रिचार्ज संपला होता. आधी ते बघा.

अनु_देवरुख
@सुमेधा_नाशिक रिचार्ज मीच करते ताई, महिन्याचा शिल्लक आहे.

गच्चीवरचा
सुमेधाताईंचं चुकीचं नाही, ते आधी बघायलाच हवं, पण पॅक संपला की बॉक्स सबस्क्रिप्शनचा मेसेज देतो, सिग्नल नाही असं म्हणत नाही, कोड पण वेगळा असतो.

आता जी गोष्ट राखून ठेवली होती ती. काही चॅनेल स्वच्छ आणि काही ठार शून्य, हे डिश हलल्याचं लक्षण नव्हे. डिश हलली तर सगळेच चॅनेल कमी-जास्त मार खातात. इथे नेमका अर्धा भाग गेलाय. उपग्रहावरून चॅनेल दोन गटांत येतात, एक उभ्या लहरींचा आणि एक आडव्या. कुठला गट घ्यायचा ते बॉक्स एलएनबीला त्याच काळ्या वायरीतून व्होल्ट पाठवून सांगतो. १३ व्होल्ट पाठवले की उभा गट, १८ पाठवले की आडवा. पावसाचं पाणी कनेक्टरमध्ये शिरलं की मधला तांब्याचा तार हिरवा पडतो, जोड कच्चा होतो, आणि बॉक्सने १८ पाठवले तरी वर पोचेपर्यंत ते १५ च्या खाली येतात. एलएनबी समजते की आपल्याला १३ चाच हुकूम आहे आणि उभ्याच गटावर बसून राहते. म्हणून आडव्या गटातले सगळे चॅनेल गायब. आईंचे चॅनेल नेमके त्या गटात असणार.

माझा अंदाज, वायर एलएनबीला जिथे जोडतात तिथला एफ कनेक्टर. कोकणात दहातल्या बऱ्याच केस तिथेच सापडतात, बसवताना कोणी रबरी टोपी घालत नाही आणि वायर सरळ खाली उतरवतात.

रेडिओवाला
उत्तम निदान. फक्त कोणाकडे मीटर असेल तर एक इशारा. वायर एलएनबीपासून सोडवून टोकाला मीटर लावलं तर ते आरामात १८ दाखवेल आणि तुम्ही म्हणाल वायर चांगली आहे. कच्च्या जोडावर व्होल्ट पडतात ते करंट वाहत असताना, एलएनबी जोडलेली असताना. सुटलेल्या टोकावर करंट नाही म्हणजे घसरणही नाही. मेकॅनिक लोक पण यात फसतात आणि उगाच एलएनबी बदलतात.

पराग_मिरज
अहो पण मग घरच्या माणसाने कळायचं कसं, वायर की एलएनबी?

गच्चीवरचा
मीटर नको. नवीन वायरीचा दोन मीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेला, घ्यायचा आणि बॉक्स टीव्हीसकट डिशपाशी नेऊन सरळ एलएनबीला जोडायचा. गेलेले चॅनेल आले तर एलएनबी निर्दोष, दोष जुन्या वायरीत किंवा जोडात. नाही आले तर एलएनबीवर संशय. टीव्ही न्यायला जड असेल तर शेजाऱ्याचा छोटा घ्या.

पण अनुताईंनी आधी कनेक्टर कापून बघावा, पन्नासएक रुपयांचं सामान आहे. मुलाला नीट सांगा. पाऊस नसताना, वीज चमकत नसताना, दिवसा. शेवाळ असेल तर गच्चीवर जायचंच नाही, टीव्हीपेक्षा कंबर महाग आहे. आधी खाली बॉक्सचा प्लग काढायचा, नुसता रिमोटने बंद करून चालत नाही, वायरीत व्होल्ट राहतात आणि चुकून वायरीतला मधला तार तिच्याच बाहेरच्या जाळीला टेकला तर बॉक्सचा ट्यूनर उडू शकतो. मग एलएनबीचा कनेक्टर हाताने उलटा फिरवून काढायचा. आतला तार काळा-हिरवा असेल, पाणी असेल तर वायर मागे कापत जायचं, आतली जाळी चकचकीत आणि तार तांबूस दिसेपर्यंत. कधी चार इंचात भागतं, कधी हात हात वायर सडलेली असते कारण पाणी जाळीतून झिरपत खाली जातं. नवा कनेक्टर बसवताना जाळीचा एकही केस मधल्या ताराला लागता कामा नये. तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर थोडासाच यावा. फोटो पाठवा म्हणावं.

विदर्भी_तडका
आणि वानर आले तर केळी सोबत ठेवा.

अनु_देवरुख
फोटो आला!! तार पूर्ण हिरवा, कनेक्टर उघडल्यावर अक्षरशः पाणी गळलं म्हणे. मुलाने देवरुखच्या बाजारातून कनेक्टर आणला, वायर एक वीतभर कापली तेव्हा चांगलं तांबं लागलं. जोडलं, बॉक्स चालू केला, आणि मालिका लागल्या. आडव्या गटाची क्वालिटी आता ६८ दाखवते. आईने त्याला घावणे खाऊ घातले. गच्चीवरचा दादा, तुमचे आभार कसे मानू.

गच्चीवरचा
घावण्यांचा फोटो चालेल. आता एवढ्यावर थांबू नका, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हेच. जोडावर चिकट काळा रबरी टेप ताणून गुंडाळा, जो स्वतःलाच चिकटतो तो, साधा इन्सुलेशन टेप उन्हात सुटतो. टेप खालून वर गुंडाळत न्या म्हणजे पाणी थरांवरून घसरेल. आणि वायर एलएनबीपासून निघाली की तिला खाली एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, कनेक्टरकडे किंवा घरात भिंतीच्या भोकाकडे जाणार नाही.

पराग_मिरज
झोळाची आयडिया मस्त, आमची वायर सरळ भिंतीत घुसते आणि पावसाळ्यात बॉक्सच्या मागे ओल येते. आता कळलं.

अनु_देवरुख
एक शंका राहिली. आज संध्याकाळी तिकडे मध्यम पाऊस आला तर चित्र चौकोनी चौकोनी होऊन गेलं, पंधरा-वीस मिनिटांनी आलं. शेजारच्या घरी त्याच कंपनीची डिश आहे, त्यांचं त्याच पावसात चालू होतं. म्हणजे अजून काही आहे का?

नाना_सातारकर
मोठी डिश घ्या ताई. आमच्या मेहुण्याने मोठी बसवली, पावसात हलत नाही.

रेडिओवाला
नानांचं इथे अर्धं मान्य. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, सिग्नलला साडेतीन डेसिबलची गादी, म्हणजे राखीव जोर मिळतो, मध्यम पावसात तेवढ्याने तग धरतो. धो धो सरीत तीही जाते. पण शेजाऱ्याची तेवढीच डिश चालू असेल तर आकार हे उत्तर नाही. त्यांच्या बॉक्सवर उन्हात क्वालिटी किती दाखवते ते विचारा, त्याच चॅनेलवर. त्यांची ८५ आणि तुमची ६८ असेल तर तुमची गादी आधीच कमी आहे, डिश एखाद अंश सरकलेली असणार. छोट्या डिशला दीड अंश म्हणजे निम्मा सिग्नल.

गच्चीवरचा
डिश सरकली असेल हे शक्य आहे, पण मी आधी झाड बघेन. देवरुखला पावसाळ्यात फांद्या हातभर वाढतात. आणि एक लक्षात घ्या, या डिश दिसतात त्या दिशेला बघत नाहीत. ती समोर फणसाच्या खोडाकडे बघतेय असं वाटतं, पण सिग्नल त्याहून खूप वरून, जवळजवळ साठ अंशातून येतो. त्यामुळे खोड आड नसतं, वरची फांदी आड असते, आणि ओली पानं कोरड्या पानांपेक्षा जास्त अडवतात. मुलाला डिशच्या मागे उभं राहून आग्नेयेकडे, बरंच वर बघून फोटो काढायला सांगा.

रेडिओवाला
मला फांदीपेक्षा डिशचा नट ढिला झालाय असं वाटतं. वारा होता असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

अनु_देवरुख
शेजाऱ्यांचं ८२ आहे. फणस आहे, पण घराच्या मागच्या बाजूला. मागे म्हणजे आग्नेय की नैऋत्य ते आईला विचारावं लागेल, ती म्हणते सूर्य जिथून उगवतो त्याच्या उजवीकडे.

गच्चीवरचा
सूर्याच्या उजवीकडे म्हणजे बरोबर आग्नेयच झाली. फणस तिथेच आहे. तरी नट पण हातानं हलवून बघा, गंजून ढिला झाला असेल तर डिश डुगडुगेल. डुगडुगली तर मुलाने स्वतः फिरवायला जाऊ नये, जिथे आहे तिथे पेनाने खूण करून ठेवावी आणि कंपनीचा माणूस बोलवावा, त्याच्याकडे मीटर असतो. त्याला सांगताना नुसतं टीव्ही चालत नाही सांगू नका. उन्हात क्वालिटी ६८, शेजारी ८२, कनेक्टर नवा लावलाय, असं सांगा, म्हणजे तो पुन्हा बॉक्स बंद-चालू करायला लावणार नाही.

सुमेधा_नाशिक
हे लिहून ठेवलं. सासूबाईंकडे पण पावसाळ्यात हाच तमाशा असतो, उद्याच क्वालिटी बघायला लावते.

स्नेहल_डोंबिवली
आमचं आलं. केबलवाल्याने डब्याची वायर बदलली म्हणे.

अनु_देवरुख
शनिवारी मी स्वतः जातेय, फांदी आणि नट दोन्ही बघून इथे टाकते.